डक्टमधल्या हवेचा वेग पिटो ट्यूबने मोजताना: बिंदू कुठे घ्यायचे आणि सरासरी कशी काढायची

इंदूरमध्ये या कामाला नवीन लागलेल्या माणसाला पहिली पिटो ट्यूब बहुधा एखाद्या डाळ मिलमध्येच हातात धरावी लागते. मिलमध्ये भरडताना, चाळताना, पॉलिश करताना भुसा आणि बारीक पीठ उडतं. ते ओढून घेणारा पंखा, त्याच्या आधी बॅग फिल्टर, आणि मशिनांपासून फिल्टरपर्यंत आलेला डक्ट अशी ती रचना असते. मालकाचा प्रश्न साधा असतो: "सक्शन कमी पडतंय, पंखा मोठा बसवू का?" उत्तर देण्याआधी हवा किती वाहतेय ते कळायला हवं. या लेखात एकच काम सुरुवातीपासून शेवटपर्यंत करून दाखवतो: बॅग फिल्टर आणि पंखा यांच्यामधल्या ५०० मिमी व्यासाच्या गोल डक्टमध्ये वेग मोजणं. ही स्वच्छ हवेची बाजू आहे, त्यामुळे ट्यूबची भोकं पटकन बुजत नाहीत. शिकायला हीच जागा बरी.

ट्यूब नेमकं काय मोजते

पिटो ट्यूब म्हणजे इंग्रजी एल अक्षरासारखी वाकवलेली, नळीत नळी असलेली दांडी. नाकाच्या टोकाचं भोक हवेच्या समोर येतं आणि एकूण दाब घेतं. नाकाच्या थोडं मागे, बाजूने गोलाकार पाडलेली बारीक भोकं फक्त स्थिर दाब घेतात. या दोहोंतला फरक म्हणजे वेगदाब, आणि आपल्याला तोच हवा असतो. ट्यूबच्या शेपटीला दोन तोंडं असतात. दांडीच्या सरळ रेषेतलं तोंड एकूण दाबाचं, ते मॅनोमीटरच्या अधिक बाजूला जोडायचं. बाजूला फुटलेलं तोंड स्थिर दाबाचं, ते वजा बाजूला.

आपला डक्ट पंख्याच्या ओढीच्या बाजूला आहे. आत सगळंच खोलीपेक्षा कमी दाबावर असतं. म्हणून नवखे गोंधळतात आणि नळ्या उलट्या लावतात. गरज नाही. एकूण दाब उणे असला तरी स्थिर दाब त्याहून जास्त उणे असतो, त्यामुळे फरक अधिकच येतो. मॅनोमीटरवर एकदम हजाराच्या वरचा आकडा दिसला तर समजा, दोनपैकी एक नळी निसटली आहे आणि तुम्ही वेगदाब न मोजता डक्टचा स्थिर दाब मोजताय.

वेगदाबावरून वेग असा निघतो:

```
V = √(2 × Pv / ρ)
```

वेग मीटर प्रति सेकंद, वेगदाब पास्कलमध्ये, घनता किलो प्रति घनमीटर. वर्गमूळ आहे हे लक्षात ठेवा. पुढे सरासरीच्या वेळी सगळी मेख तिथेच आहे.

जागा निवडणं

बेंड, डँपर, फांदी, पंखा यांच्याजवळ हवा एका बाजूला लोटलेली असते किंवा गोल फिरत असते. सर्वसाधारण नियम असा: अडथळ्यानंतर निदान ८ व्यास आणि पुढच्या अडथळ्याआधी २ व्यास सरळ डक्ट हवा. आपल्या ५०० मिमीच्या डक्टसाठी हे ४ मीटर आणि १ मीटर, एकूण ५ मीटर झाले. मिलमध्ये एवढी सरळ लांबी क्वचितच मिळते. आमच्या या उदाहरणात बेंडपासून पंख्याच्या तोंडापर्यंत ३.२ मीटरच आहेत. तेव्हा आहे त्या लांबीचे तेच ८ आणि २ असे भाग पाडायचे आणि भोक बेंडपासून साधारण अडीच मीटरवर घ्यायचं. ही तडजोड आहे, म्हणून मापाच्या कागदावर "बेंडनंतर ५ व्यास" असं स्पष्ट लिहून ठेवा. जागा बरी होती की वाईट ते रीडिंगच सांगतील, तिकडे पुढे येतो.

दोन भोकं लागतात, एकमेकांशी काटकोनात. त्यातलं एक बेंडच्या वळणाच्या प्रतलात असलंच पाहिजे, म्हणजे बेंडच्या बाहेरच्या अंगाला लोटलेली हवा त्या रेषेवर सापडेल. दोन्ही व्यास चुकून तिरके घेतले तर हा कल झाकला जातो आणि प्रवाह आहे त्याहून सरळ वाटतो.

भोक पाडताना पंखा बंद. डाळीचं बारीक पीठ हवेत पेट घेऊ शकतं आणि ड्रिलची ठिणगी त्याला पुरते. शिवाय पंखा चालू असताना पाडलं तर पत्र्याची कात थेट पंख्याच्या पात्यांवर जाते. आतली धूळ काढून मगच ड्रिल लावा. ८ मिमीच्या ट्यूबसाठी भोक तिचं वळण आत शिरेल एवढं मोठं हवं, आणि त्यात घट्ट बसणारं रबरी ग्रोमेट. ओढीच्या बाजूला ग्रोमेटशिवाय मापू नका. फटीतून बाहेरची हवा आत घुसते आणि भिंतीजवळची रीडिंग बिघडवते.

डक्टचा आतला व्यासही इथेच मोजून घ्या. भोकातून सरळ सळई पलीकडच्या भिंतीला टेकवायची, खूण करायची, पत्र्याची जाडी वजा करायची. ड्रॉइंगवर विसंबू नका. ५०० च्या जागी ४९० निघाला तर क्षेत्रफळात ४ टक्क्यांचा फरक पडतो, आणि एवढी चूक पुढे कितीही काळजी घेतली तरी भरून निघत नाही.

बिंदू कुठे, आणि तिथेच का

मी दोरी लावून बिंदू आखताना मिलच्या मिस्त्रीने बघितलं की तो हमखास म्हणतो, "साहेब, मधोमध घ्या ना, हवा तिथेच जोरात असते." त्याचं निरीक्षण बरोबर आहे आणि म्हणूनच मधोमध घ्यायचं नाही. भिंतीला घासून हवा मंदावते, मध्ये ती सर्वांत वेगवान. आता क्षेत्रफळाचा विचार करा. ५०० मिमीच्या डक्टच्या मधोमध २५० मिमीचं वर्तुळ काढलं तर ते व्यासाने निम्मं असतं, पण क्षेत्रफळाने फक्त एक चतुर्थांश. उरलेलं तीन चतुर्थांश क्षेत्रफळ बाहेरच्या कड्याचं असतं, जिथे वेग कमी असतो. व्यासावर सारख्या अंतराने बिंदू घेतले तर मधल्या थोड्याशा हवेला जास्त मतं मिळतात आणि उत्तर फुगतं.

यावर उपाय म्हणजे डक्टचे सारख्या क्षेत्रफळाचे वर्तुळाकार पट्टे पाडणं आणि प्रत्येक पट्ट्याला एकच मत देणं. पट्ट्याच्या आत बिंदू नेमका कुठे ठेवायचा याच्याही पद्धती आहेत. गोल डक्टसाठी मी लॉग-लिनियर पद्धत वापरतो, कारण भिंतीजवळ वेग ज्या वळणाने घसरतो त्याचा हिशेब तिच्या आकड्यांत आधीच बसवलेला आहे. एका व्यासावर ६ बिंदू घेतले तर भिंतीपासूनची त्यांची अंतरं व्यासाच्या ०.०३२, ०.१३५, ०.३२१, ०.६७९, ०.८६५ आणि ०.९६८ पट येतात. ५०० ने गुणलं की आपली अंतरं अंदाजे अशी: १६, ६८, १६०, ३४०, ४३२ आणि ४८४ मिमी. दोन्ही टोकांची बेरीज नेहमी व्यासाएवढी येते, १६ आणि ४८४, ६८ आणि ४३२. गुणाकार तपासायला हे सोपं आहे. मध्यबिंदू, म्हणजे २५० मिमी, यादीत नाही हेही बघून ठेवा.

चौकोनी डक्ट असेल तर तोच विचार, पण आकडे वेगळे. लॉग-चेबिशेव पद्धतीत एका बाजूवर ५ रेषा घेतल्या तर त्या ०.०७४, ०.२८८, ०.५, ०.७१२ आणि ०.९२६ वर येतात. दोन्ही बाजूंनी तशाच रेषा पाडायच्या आणि छेदांवर मापायचं, म्हणजे २५ रीडिंग झाली. गोल डक्टचे आकडे चौकोनीला लावू नका, उलटंही नको.

आता ट्यूबवर खुणा. इथे बहुतेकांची गल्लत होते, कारण खूण बाहेरून दिसते आणि अंतर आतून हवं असतं. नाकाच्या मध्यरेषेपासून दांडीवर माप धरायचं. ग्रोमेट आतल्या भिंतीपासून बाहेर ५ मिमी आलं असेल तर प्रत्येक अंतरात ५ मिळवायचे: २१, ७३, १६५, ३४५, ४३७ आणि ४८९. रंगीत टेपच्या बारीक पट्ट्या लावा, पेनची खूण घामट हाताने पुसली जाते. पहिली खूण बहुधा ट्यूबच्या वळणावरच येते, कारण नाक भिंतीपासून १६ मिमीवर असताना वळणाचा काही भाग अजून भोकातच असतो. अशा वेळी ट्यूबची शेपटी बाहेर किती उरली ते मोजून नाक जागेवर आणायचं, आणि वळणाभोवतीची फट ओल्या चिंधीने झाकायची. दोन्ही व्यासांवरची ही पहिली रीडिंग सर्वांत नाजूक असतात, म्हणून तिथे घाई नको.

रीडिंग घेणं

आधी नळ्या काढून मॅनोमीटर शून्यावर आणा, तोही डक्टजवळ, ज्या तापमानात आणि ज्या स्थितीत ठेवून मापणार त्याच स्थितीत. मग नळ्या जोडून गळती बघा: नाकात हलकी फुंकर मारून नळी चिमटीत दाबा, आकडा १५ सेकंद जागचा हलता कामा नये. हीच चाचणी स्थिर दाबाच्या बाजूने पुन्हा करायची. फुंकर खरंच हलकी हवी. छोट्या रेंजचा मॅनोमीटर जोरात फुंकल्यावर कायमचा बिघडू शकतो.

मिल नेहमीसारखी चालू हवी, सगळी गेट आणि डँपर जिथे असतात तिथे. माप चालू असताना कुणी डँपर हलवणार नाही हे मिस्त्रीला सांगून ठेवा. नाक हवेच्या थेट समोर धरायचं. बऱ्याच ट्यूबच्या शेपटीला नाकाच्या दिशेने एक छोटी दांडी असते, ती डक्टला समांतर दिसली पाहिजे. थोड्या तिरकेपणाने बिघडत नाही, साधारण १० अंशांपर्यंत ट्यूब सांभाळून घेते. पण ट्यूब फिरवताना सर्वांत मोठं रीडिंग खूपच तिरक्या कोनात येत असेल, तर हवा डक्टमध्ये पीळ घेऊन चालली आहे. ती जागा सोडावी.

बॅग फिल्टरचे पल्स थोड्याथोड्या वेळाने सुटतात आणि आकडा क्षणभर उडी मारतो. ती उडी सोडून द्या, दोन पल्सच्या मधल्या १०-१५ सेकंदांत आकडा ज्या भोवती खेळतो तो लिहा. एका रेषेवर आत जाताना मापलं की शेवटी पहिल्या बिंदूवर परत येऊन पुन्हा बघा. तेच रीडिंग बऱ्यापैकी जुळलं तर पुढे जा. सतत खाली उतरत असेल तर भोकात भुसा अडकलाय. मॅनोमीटर सोडवून मगच ट्यूबमधून हवा मारा.

आपल्या उदाहरणात बेंडच्या प्रतलाबाहेरच्या व्यासावर वेगदाब असे आले: ६२, ८४, ९६, ९८, ८६ आणि ६४ पास्कल. बेंडच्या प्रतलातल्या व्यासावर: ४४, ६४, ८४, १०८, ११२ आणि ९०. पहिली ओळ दोन्हीकडे सारखी उतरते. दुसरीत बेंडच्या बाहेरच्या अंगाला हवा लोटलेली स्पष्ट दिसते. तरीही जागा चालण्यासारखी आहे का? एक प्रचलित कसोटी अशी: निदान तीन चतुर्थांश रीडिंग सर्वांत मोठ्या वेगदाबाच्या एक दशांशाहून जास्त हवीत. इथे मोठं ११२, त्याचा दशांश ११.२, आणि सगळ्यांत लहान ४४. पास. कसोटीत नापास झालं तर बिंदू वाढवून फारसं साधत नाही, जागाच बदलावी लागते. मधल्या अवस्थेत, म्हणजे कल बराच आहे पण कसोटीला उतरतोय तेव्हा, ६० अंशांवर तीन व्यास घेऊन १८ रीडिंग घ्या.

एखाद्या बिंदूवर आकडा उणे आला तर तिथे हवा उलटी फिरतेय. तो शून्य धरायचा, पण भागताना बिंदू मोजायचाच. बाराऐवजी अकराने भागू नका.

सरासरी

वेगदाबांची सरासरी काढून तिचं वर्गमूळ घ्यायचं नाही. प्रत्येक वेगदाबाचं वर्गमूळ आधी, मग त्या वर्गमुळांची सरासरी. आपल्याला वेगाची सरासरी हवी आहे आणि वेग वर्गमुळाशी बांधलेला आहे, दाबाशी नाही.

पहिल्या व्यासाची वर्गमुळं: ७.८७, ९.१७, ९.८०, ९.९०, ९.२७, ८.००. बेरीज ५४.०१. दुसऱ्याची: ६.६३, ८.००, ९.१७, १०.३९, १०.५८, ९.४९. बेरीज ५४.२६. एकूण १०८.२७, भागिले १२, म्हणजे ९.०२. दोन्ही व्यासांच्या बेरजा इतक्या जवळ आल्या हे चांगलं लक्षण आहे. आकार वेगळे असूनही दोन्ही रेषा एकच हवा सांगतायत.

उलट्या पद्धतीने काय येतं? दाबांची सरासरी ८२.७, तिचं वर्गमूळ ९.०९. फरक एका टक्क्याहूनही कमी. म्हणून अनेकजण म्हणतात, काय बिघडतं. इथे बिघडलं नाही कारण प्रवाह ठीक होता. बेंडला खेटून मापलेल्या डक्टमध्ये एका बाजूला १६ आणि दुसऱ्या बाजूला १४४ पास्कल आले असं धरा. बरोबर सरासरी ४ आणि १२ ची, म्हणजे ८. चुकीची पद्धत ८० चं वर्गमूळ देते, ८.९४. जवळजवळ १२ टक्के जास्त हवा कागदावर वाहू लागली. चूक नेहमी जास्तीच्याच बाजूला होते.

आणि मिस्त्रीचं मधलं रीडिंग? या डक्टच्या मध्यावर साधारण १०० पास्कल मिळतात, वर्गमूळ १०. सरासरीपेक्षा ११ टक्के जास्त.

इंदूरची हवा हलकी आहे

आता घनता. बरीच पुस्तकं आणि मॅनोमीटरमधला आयता हिशेब १.२ किलो प्रति घनमीटर धरतात. ती समुद्रसपाटीवरची, २० अंशांची हवा. इंदूर साधारण ५५० मीटर उंचीवर आहे, आणि उन्हाळ्यात डक्टमधली हवा ३६ अंशांवर सहज जाते. घनता स्वतः काढावी लागते:

```
ρ = P / (287 × (273 + t))
```

दाब इथे निरपेक्ष, पास्कलमध्ये. मोबाइलवरचं हवामानाचं अॅप इंदूरसाठी हजाराच्या आसपास मिलिबार दाखवतं. तो आकडा समुद्रसपाटीवर आणून दाखवलेला असतो, खिडकीबाहेरचा नाही. उन्हाळ्यात इथला प्रत्यक्ष दाब ९४५ मिलिबारच्या आसपास असतो, म्हणजे ९४,५०० पास्कल. ज्या फोनमध्ये बॅरोमीटर आहे तो प्रत्यक्ष दाब दाखवू शकतो. त्यात डक्टचा स्थिर दाब चिन्हासकट मिळवायचा. आपल्या डक्टमध्ये तो उणे १,५०० पास्कल होता, तेव्हा उरले ९३,०००. घनता आली १.०५. दमटपणाने ती आणखी किंचित कमी होते, पण या कामापुरतं ते सोडून दिलं तरी चालतं.

वेग: २ भागिले १.०५ चं वर्गमूळ १.३८, गुणिले ९.०२, म्हणजे १२.४५ मीटर प्रति सेकंद. डक्टचं क्षेत्रफळ ०.१९६ चौरस मीटर. हवा निघाली सेकंदाला २.४४ घनमीटर, म्हणजे तासाला सुमारे ८,८०० घनमीटर. मिलवाल्यांच्या भाषेत ५,१८० सीएफएम. १.२ घनता धरून हिशेब केला असता तर ८,२३० घनमीटर आले असते, साडेसहा टक्के कमी.

या आकड्याचा मालकाला उपयोग असा: फिल्टरच्या आधीचा धुळीचा मुख्य डक्ट ४०० मिमीचा आहे. तीच हवा तिथे सुमारे १९.५ मीटर प्रति सेकंदाने जाते. धान्याची धूळ तळाला बसू नये म्हणून साधारण १८ ते २० चा वेग धरतात, तेव्हा मुख्य डक्टला तक्रारीला जागा नाही. पंखा बदलण्याआधी फांद्यांचे डँपर आणि हूड बघायला सांगा. एकच अट: फिल्टरच्या खालच्या रोटरी व्हॉल्व्हमधून किंवा दाराच्या गॅस्केटमधून बाहेरची हवा आत येत असेल तर ती आपल्या मापात मोजली गेली, पण मुख्य डक्टमध्ये कधी नव्हतीच. व्हॉल्व्हजवळ हात धरून बघा, ओढ जाणवते.

ट्यूब कुठे हात टेकते

३ मीटर प्रति सेकंदाच्या खाली पिटो ट्यूब वापरू नका. तिथे वेगदाब जेमतेम ५ पास्कल असतो. मॅनोमीटर एका पास्कलने चुकला तर वेग १० टक्क्यांनी चुकला. तिथे व्हेन किंवा हॉट वायर अॅनिमोमीटर घ्यावा.

धुळीच्या बाजूलाच मापायची वेळ आली तर ही बारीक भोकांची ट्यूब काही मिनिटांत बुजेल. तिथे दोन मोठ्या तोंडांची एस टाइप ट्यूब लागते. ती फरक मोठा दाखवते, म्हणून निघालेल्या वेगाला तिच्या गुणांकाने गुणायचं. तो साधारण ०.८४ असतो, पण आपल्या ट्यूबच्या कॅलिब्रेशनच्या कागदावरचाच घ्यायचा. गुणांक लावायचा राहिला तर वेग १९ टक्के जास्त दिसतो, आणि बिंदू कितीही नीट घेतले असले तरी ती चूक रीडिंगकडे बघून ओळखता येत नाही. म्हणून मापाच्या कागदावर ट्यूबचा प्रकार आणि गुणांक पहिल्या ओळीत लिहा, त्याखाली डक्टचं तापमान, स्थिर दाब, हवेचा दाब, आणि मगच वेगदाब.